हातचा माणूस जातो तेव्हा : उशिराची बातमी मॅनेजरपर्यंत कशी न्यावी

टीममधला कळीचा माणूस अचानक नोकरी सोडतो, तेव्हा टीम लीडला मॅनेजरपुढे दोन गोष्टी ठेवाव्या लागतात. ठरलेल्या तारखेला काम पूर्ण होणार नाही, ही पहिली. आणि आता काय काय करता येईल, ही दुसरी. पहिली गोष्ट दोन वाक्यांत सांगून होते. दुसरीसाठी हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब लवकर शिळा होतो. जाणारा माणूस ऑफिसात आहे तोवर त्याच्याकडून जे समजून घेता येते, ते तो गेल्यावर घेता येत नाही. ग्राहकाला दीड महिना आधी सांगितलेला बदल तो समजुतीने घेतो. तोच बदल चार दिवस आधी सांगितला तर आपल्यापासून काही लपवले गेले, असे त्याला वाटते. म्हणून उशिराच्या बातमीबरोबर प्रत्येक पर्याय कोणत्या दिवसापर्यंत खुला आहे, हेही मॅनेजरला कळावे लागते.

हा प्रसंग कसा हाताळावा हे एका उदाहरणातून नीट दिसते. उदाहरण रचलेले आहे, पण आयटी कंपनीत काम करणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल.

प्रसंग

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा जणांची टीम एका सहकारी बँकेसाठी कर्जवसुलीची प्रणाली तयार करत आहे. प्रणालीचा गाभा म्हणजे रिकन्सिलिएशन, अर्थात जुळवणी. कर्जदाराचा हप्ता यूपीआयने येतो, नॅचच्या आदेशाने खात्यातून परस्पर वळता होतो किंवा चेकने येतो. आलेली प्रत्येक रक्कम योग्य कर्जखात्याला लावायची, हे त्या मॉड्यूलचे काम. ते सुरुवातीपासून एकाच वरिष्ठ डेव्हलपरने लिहिले आहे.

प्रणाली सोमवार, १६ मार्चला सुरू व्हायची आहे. ही तारीख सहज ठरलेली नाही. ३१ मार्चच्या वर्षअखेरीमुळे २० मार्च ते १० एप्रिल या काळात बँक आपल्या प्रणालीत कोणताही बदल करू देत नाही. आयटीत याला ‘फ्रीझ’ म्हणतात.

सोमवार, २ फेब्रुवारीला सकाळी वरिष्ठ डेव्हलपर टीम लीडला सांगतो की त्याने राजीनामा दिला आहे, नोटीस पीरियडचे पैसे भरून तो लवकर मोकळा होत आहे, आणि शुक्रवार, ६ फेब्रुवारी हा त्याचा शेवटचा दिवस आहे.

आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ या भरवशावर बातमी पुढे ढकलण्याकडे कल असतो. हा भरवसा कच्चा आहे. करारात पैसे भरून सुटण्याची सोय असली आणि कंपनीने ती मान्य केली, की तीन महिन्यांचे पाच दिवस होतात. सोय नसली तरीही माणसाला बळजबरीने कामावर बसवता येत नाही. व्यक्तीच्या स्वतःच्या कौशल्यावर अवलंबून असलेला नोकरीचा करार न्यायालय प्रत्यक्ष काम करायला लावून अमलात आणत नाही, हे १९६३च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमातले तत्त्व आहे. कंपनी नोटीशीच्या पगाराची वसुली मागू शकते, रिलीव्हिंग लेटर कधी द्यायचे यावर बोलू शकते. मात्र यांपैकी कशानेही मॉड्यूल पूर्ण होत नाही. टीम लीडने हिशेब शुक्रवारच धरून करावा. त्यापुढे एखादा दिवस मिळाला तर तो वरकड समजावा.

पहिली बातमी त्याच दिवशी

मॅनेजरला सांगण्याचे दोन टप्पे असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात. पहिला टप्पा त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, समोरासमोर किंवा फोनवर उरकायचा. त्यात पूर्ण उत्तर नसते आणि ते असावे अशी अपेक्षाही नसते. काय घडले, कशावर परिणाम होण्याची शक्यता आहे आणि पूर्ण हिशेब कधी मिळेल, एवढे सांगायचे. या प्रसंगात टीम लीड असे सांगू शकते :

“सर, रिकन्सिलिएशन बघणारा आपला सीनियर डेव्हलपर शुक्रवारी जातोय. १६ मार्चची तारीख धोक्यात आहे. नेमके किती दिवस जातील ते आज सांगितले तर तो अंदाजपंचे आकडा होईल. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत दिवसांचा हिशेब आणि पर्याय घेऊन येते. तोवर बँकेला १६ मार्चबद्दल नव्याने काही कळवू नका, आणि शुक्रवारपर्यंत त्याच्यावर दुसरे कुठलेही काम टाकू नये, एवढे एचआरशी बोलून ठेवा.”

यातली शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. ही बातमी कळली नसती तर मॅनेजरने कदाचित त्याच दुपारी बँकेच्या बैठकीत ‘सगळे वेळेवर आहे’ असे सांगितले असते, आणि दिलेला शब्द दोन दिवसांत मागे घेण्याची वेळ आली असती. जाणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवसही एचआरच्या फॉर्मांत, मुलाखतीत आणि निरोपाच्या जेवणांत कसे निघून जातात ते कळत नाही.

तो का चालला आहे, किती पगारावर आणि कुठे, हे या बातमीत येऊ नये. ती त्याची खासगी बाब आहे आणि तारखेच्या हिशेबात तिचा काही उपयोग नाही. ‘त्याने आपल्याला अडचणीत टाकले’ असा सूर लागला तर तोटा टीमचाच होतो, कारण पुढचे चार दिवस त्याच माणसाच्या सद्भावनेवर काढायचे असतात.

नेमके काय चालले आहे

दुसऱ्या टप्प्याआधी टीम लीडला एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते : माणूस गेल्यावर त्याच्याबरोबर नक्की काय जाते? लिहिलेला कोड कंपनीचा असतो, तो राहतोच. जाते ते न लिहिलेले. अमुक शाखेच्या फाइलमध्ये तारीख उलटी येते म्हणून कोडमध्ये खास अट घातली आहे, हे त्याच्या डोक्यात असते. चाचणीसाठी वापरायची फाइल त्याच्या लॅपटॉपवर असते. बँकेच्या आयटी विभागात कोणाला फोन केला की काम होते, हेही त्यालाच ठाऊक असते.

अवलंबित्व किती आहे याचा पहिला अंदाज कोडच्या इतिहासातून मिळतो. गिट वापरणाऱ्या टीममध्ये पुढची आज्ञा गेल्या सहा महिन्यांत त्या फोल्डरमध्ये कोणी किती वेळा बदल केले, हे दाखवते :

```
git shortlog -sn --since="6 months ago" HEAD -- reconciliation/
```

यादीत एकच नाव वर आणि बाकीची नावे नगण्य असतील, तर ते ज्ञान एका डोक्यात आहे हे उघड होते. दुसरी आज्ञा जाणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, त्याच्या शेजारी बसून चालवायची असते. सर्व्हरवर न पोहोचलेले त्याचे कमिट ती दाखवते :

```
git log --branches --not --remotes --oneline
```

तिसरी गोष्ट कोडमध्ये दिसत नाही आणि म्हणून नेहमी निसटते : त्याच्या नावाच्या लॉगिनवर चालणारी कामे. या उदाहरणात रात्री दोन वाजता बँकेची फाइल उचलणारे काम वरिष्ठ डेव्हलपरच्या स्वतःच्या खात्यावर चालते. चाचणीच्या घाईत त्याने ते तसे लावले आणि तसेच राहिले. शुक्रवारी संध्याकाळी कंपनी त्याचे खाते बंद करणार, आणि सोमवारी सकाळी टीम आली की चाचणीची फाइलच आलेली नसणार. मग दोषी नवा कोड धरला जातो आणि एक दिवस भलत्याच शोधात जातो. हे टाळायला गुरुवारीच ते काम सामायिक खात्यावर न्यायचे आणि त्याच रात्री ते चालले का ते पाहायचे.

दिवसांचा हिशेब

मंगळवारी टीम लीड कागदावर हिशेब मांडते. वरिष्ठ डेव्हलपर असता तर त्याचे उरलेले काम दहा दिवसांचे होते, म्हणजे ते शुक्रवार, १३ फेब्रुवारीला संपले असते. त्यानंतर सहा दिवस सगळे भाग एकत्र जोडून टीमची चाचणी. मध्ये १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी धरून ती मंगळवार, २४ फेब्रुवारीला संपते. मग बँकेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः करायची दहा दिवसांची चाचणी, म्हणजे यूएटी. धुळवडीची एक सुट्टी वगळून ती बुधवार, ११ मार्चला संपते. गुरुवार आणि शुक्रवार हे दोन दिवस शिल्लक, आणि सोमवारी १६ मार्च. म्हणजे मूळ योजनेतच सगळी मिळून दोन दिवसांची सवड होती.

आता काम टीममधल्या दुसऱ्या डेव्हलपरकडे जाणार. ती अनुभवी आहे, आजवर अहवालांचे मॉड्यूल बघते आहे, पण जुळवणीचा कोड तिने क्वचितच उघडला आहे. पहिला आठवडा हस्तांतरणात जाईल. त्या आठवड्यात नवीन काम जवळपास होणार नाही, कारण शिकवणारा आणि शिकणारी दोघेही अडकलेले असतील. त्यानंतर वरिष्ठाला दहा दिवस लागले असते ते काम तिला चौदा ते अठरा दिवसांचे होईल, असा अंदाज तिच्याशीच बोलून ठरतो. हा अंदाज तिच्या तोंडून यावा. तिच्या वतीने दुसऱ्याने दिलेला आकडा पहिल्याच आठवड्यात चुकतो.

सोमवार, ९ फेब्रुवारीपासून चौदा दिवस मोजले की २७ फेब्रुवारी येते, अठरा मोजले की ६ मार्च. मूळच्या १३ फेब्रुवारीपेक्षा हे नऊ ते तेरा कामाचे दिवस उशिरा आहे. सवडीचे दोन दिवस वजा केले तर सात ते अकरा दिवसांचा उशीर उरतो.

इथे बहुतेक टीम लीड थांबतात आणि मॅनेजरला ‘साधारण दीड-दोन आठवडे उशीर होईल’ असे कळवतात. हा आकडा बरोबर असूनही दिशाभूल करणारा आहे. १६ मार्चपासून सात दिवस पुढे २५ मार्च येते, अकरा दिवस पुढे ३१ मार्च. दोन्ही तारखा फ्रीझच्या आत पडतात. त्यानंतरची पहिली मोकळी तारीख सोमवार, १३ एप्रिल. तीही बँकेची माणसे मार्चअखेरीच्या धावपळीत चाचणीला बसली तरच. नाही तर बँकेची चाचणीच १३ एप्रिलला सुरू होईल आणि प्रणाली एप्रिलअखेरीस लागेल. टीमचा उशीर दीड-दोन आठवड्यांचा असला तरी बँकेचा उशीर चार ते सहा आठवड्यांचा आहे. मॅनेजरला सांगायचा आकडा हा दुसरा. ग्राहकाच्या दिनदर्शिकेत बंद दारे असतील, तर उशीर दिवसांनी वाढत नाही, एका दारापासून पुढच्या दारापर्यंत उडी मारतो.

पर्याय

पर्याय मांडताना त्यांची संख्या तीन-चारच्या वर जाऊ नये. प्रत्येकापुढे तीन गोष्टी असाव्यात : तारीख काय, किंमत कोण मोजणार, आणि निर्णय कोणत्या दिवसापर्यंत हवा.

पहिला पर्याय म्हणजे सगळे एकदम, पण उशिरा. काम पूर्ण करून एप्रिलमध्ये प्रणाली लावायची. टीमसाठी हा सर्वांत सोपा. किंमत बँक मोजते, कारण वर्षअखेरीची जुळवणी तिच्या कर्मचाऱ्यांना हाताने, एक्सेलमध्ये करावी लागेल. नेमक्या याच कारणासाठी बँकेने १६ मार्चची तारीख मागितली होती.

दुसरा पर्याय म्हणजे काम दोन टप्प्यांत तोडणे. उरलेल्या दहा दिवसांच्या कामात चार दिवसांचे काम पूर्ण रकमेच्या यूपीआय आणि नॅच हप्त्यांचे आहे. सहा दिवसांचे काम अर्धवट भरलेले हप्ते, परत गेलेले नॅच आणि न वटलेले चेक यांचे. पहिला भाग नवी डेव्हलपर सहा ते सात दिवसांत करू शकते. ९ फेब्रुवारीपासून सात दिवस म्हणजे मंगळवार, १७ फेब्रुवारी. मूळ तारखेपेक्षा दोनच दिवस उशिरा, आणि तेवढी सवड आहे. टीमची चाचणी २६ फेब्रुवारीला संपते, बँकेची २७ फेब्रुवारीला सुरू होऊन शुक्रवार, १३ मार्चला संपते, सोमवारी प्रणाली सुरू. उरलेला भाग एप्रिलअखेर. तोवर अडचणीच्या नोंदी बँक आज जशा हाताने जुळवते तशाच जुळवत राहील.

हा पर्याय देताना त्याची कमजोरी झाकू नये. आता सवड शून्य आहे. बँकेची चाचणी ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा सुरू होईल, आणि त्यासाठी बँकेने मोकळी ठेवलेली माणसे दोन दिवस पुढे सरकवावी लागतील. हातजुळवणीचा बोजा नक्की किती हेही सांगावे लागते. चाचणीच्या जुन्या फाइलींवरून अशा नोंदी मोजता येतात. या उदाहरणात त्या रोज चाळीसच्या आसपास निघतात. ‘काही नोंदी हाताने कराव्या लागतील’ हे ऐकून बँकेचा अधिकारी घाबरतो; ‘रोज चाळीस’ हे ऐकून तो एका क्लार्कचा वेळ मोजतो.

तिसरा पर्याय म्हणजे जाणाऱ्या माणसाला आणखी आठवडाभर थांबण्याची विनंती. तो १३ फेब्रुवारीपर्यंत थांबला तर पहिल्या टप्प्याचे चार दिवसांचे काम स्वतः करून हस्तांतरणाला सहा दिवस देऊ शकतो. दुसरा पर्याय त्यामुळे बराच सुरक्षित होतो. पण हा निर्णय टीम लीडच्या हातात नाही. नव्या कंपनीची रुजू होण्याची तारीख, नोटीशीच्या पैशांची तडजोड, सगळे एचआरकडून जाते. नोकरी सोडल्यावर संध्याकाळी थोडी मदत करण्याची तोंडी व्यवस्था मात्र सुचवू नये. नव्या मालकाच्या करारात दुसरे काम करण्यास बहुधा मनाई असते, आणि बाहेरच्या माणसाला बँकेचा डेटा दाखवणे हा वेगळाच प्रमाद आहे.

चौथा पर्याय मॅनेजर स्वतःहून सुचवतात : दुसऱ्या प्रकल्पातून एक-दोन माणसे देऊ का? याला उत्तर तयार असावे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात असा नियम मांडला की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी उशिरा होतो. कारण साधे आहे. नव्या माणसाला शिकवावे लागते, आणि शिकवणारे तेच असतात ज्यांना काम करायचे आहे. शिवाय आपसांत बोलण्याच्या वाटा माणसांपेक्षा वेगाने वाढतात : पाच जणांच्या टीममध्ये त्या दहा असतात, सात जणांत एकवीस. ब्रुक्स स्वतः हा नियम ढोबळ असल्याचे मान्य करत, आणि त्याची मर्यादा इथे उपयोगी पडते. जे काम वेगळे काढता येते, ज्याला फारसे शिकवावे लागत नाही, तिथे नवा माणूस चालतो. या प्रसंगात जुळवणीच्या मॉड्यूलवर बाहेरचा माणूस आणून दोन आठवड्यांत काहीच हाती लागणार नाही. पण जुळवणीकडे वळलेल्या डेव्हलपरचे अहवालांचे आठ दिवसांचे काम उघडे पडले आहे. अहवालांची रचना ठरलेली आहे, ते काम एकट्याने करता येते. तिथे एक माणूस मागावा.

एक पर्याय कागदावर येऊच नये, तो म्हणजे बँकेच्या चाचणीचे दहा दिवस पाच करणे. तारीख वाचवण्याची ही सर्वांत सोपी दिसणारी वाट आहे. पण जुळवणीत चूक झाली तर एकाचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जखात्याला लागतो, पहिल्याला थकबाकीची नोटीस जाते, आणि हे मार्चअखेरीच्या ताळेबंदात शिरते. नव्या हाताने लिहिलेल्या कोडची चाचणी नेहमीपेक्षा कमी करणे धोक्याचे आहे, हे मॅनेजरने विचारण्याआधीच सांगून टाकावे.

लेखी टिपण

मंगळवारी संध्याकाळच्या भेटीनंतर हेच सगळे एका छोट्या टिपणात जाते. टिपण एका स्क्रीनवर मावावे, कारण मॅनेजरला ते त्यांच्या वरिष्ठांना जसेच्या तसे पुढे पाठवता आले पाहिजे. आरंभी निष्कर्ष, नंतर पर्याय, शेवटी मागणी.

“रिकन्सिलिएशनचे वरिष्ठ डेव्हलपर ६ फेब्रुवारीला जात आहेत. मूळ योजना तशीच ठेवली तर प्रणाली १६ मार्चऐवजी लवकरात लवकर १३ एप्रिलला, बहुधा एप्रिलअखेर सुरू होईल. मधल्या तारखा बँकेच्या फ्रीझमध्ये जातात.

पर्याय १ : सगळे एकत्र, एप्रिलमध्ये. वर्षअखेरीची जुळवणी बँकेला हाताने करावी लागेल.

पर्याय २ : पूर्ण रकमेचे यूपीआय आणि नॅच हप्ते १६ मार्चला, अर्धवट व परत गेलेले हप्ते एप्रिलअखेर. रोज सुमारे ४० नोंदी हाताने. सवड शून्य. बँकेची चाचणी २५ऐवजी २७ फेब्रुवारीला सुरू.

पर्याय ३ : वरिष्ठ डेव्हलपर १३ फेब्रुवारीपर्यंत थांबल्यास पर्याय २ अधिक सुरक्षित. निर्णय एचआरकडे.

शिफारस : पर्याय २, आणि अहवालांसाठी ९ फेब्रुवारीपासून एक डेव्हलपर. पर्याय ३साठी प्रयत्न सुरू ठेवावा.

निर्णय बुधवारी दुपारी १२पर्यंत हवा. हस्तांतरणाचा क्रम त्यावर ठरतो.”

शेवटच्या ओळीवर हे टिपण उभे आहे. दोन टप्प्यांचा पर्याय निवडला तर उरलेल्या तीन दिवसांत वरिष्ठ डेव्हलपरने आधी यूपीआय आणि नॅचचा भाग शिकवायचा, अर्धवट हप्त्यांचा नंतर. सगळे एकदम करायचे ठरले तर उलटे : जो भाग सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी लिहिलेला आहे तोच आधी घ्यायचा. निर्णय शुक्रवारी आला तर दोन्हींपैकी काहीच नीट झालेले नसेल. ही कारणमीमांसा दिली की ‘लवकर कळवा’ ही विनवणी राहत नाही. मॅनेजरला मुदतीचा अर्थ कळतो.

बँकेला कोणी सांगायचे हेही त्याच भेटीत ठरावे. रूढ पद्धत अशी की टीम लीडने ग्राहकाच्या माणसांशी तारखेबद्दल बोलू नये, ते मॅनेजरने किंवा बँकेचे खाते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने करावे. टीमचा बँकेच्या आयटी विभागाशी रोजचा संपर्क असतो, त्यामुळे बातमी आडवाटेने पोहोचण्याचा धोका असतो. मॅनेजरचा फोन आधी गेला पाहिजे, आणि तो गेला की नाही हे टीमला कळले पाहिजे.

अंदाज चुकतो आहे हे कसे ओळखावे

निर्णय झाला की हिशेब संपत नाही. चौदा ते अठरा दिवस हा आकडा एका गृहीतावर उभा होता : शुक्रवारपर्यंत नवी डेव्हलपर मॉड्यूल स्वतः चालवू शकेल. हे खरे आहे का याची परीक्षा शुक्रवारी सकाळीच घेता येते. वरिष्ठ डेव्हलपरने कीबोर्डला हात लावायचा नाही. नव्या डेव्हलपरने रिकाम्या यंत्रावर कोड आणायचा, तो उभा करायचा, चाचणीची फाइल त्यातून चालवायची आणि एका न जुळलेल्या नोंदीचे कारण त्याला समजावून सांगायचे. टीममध्ये याला रिव्हर्स केटी म्हणतात. ती जिथे अडते तिथे हस्तांतरण झालेले नाही, मग बैठकीच्या नोंदीत काहीही लिहिलेले असो. दुपारचे चार तास त्याच जागेसाठी उरलेले असतात. म्हणून ही परीक्षा संध्याकाळी ठेवून चालत नाही.

दुसरी खूण पुढच्या आठवड्यात दिसते. बुधवार, ११ फेब्रुवारीला सातपैकी तीन दिवस झालेले असतील. तोवर पूर्ण रकमेचे यूपीआय हप्ते चाचणीच्या फाइलवर जुळताना दिसले पाहिजेत. ‘ऐंशी टक्के झाले’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण उरलेले वीस टक्के किती दिवसांचे हे त्यातून कळत नाही. फाइलमधल्या किती नोंदी जुळल्या आणि किती नाही, हा आकडा विचारावा.

साप्ताहिक अहवालात प्रकल्पाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगाने दाखवतात. या क्षेत्रातली माणसे फसव्या अहवालाला कलिंगडाची उपमा देतात : बाहेरून हिरवा, आतून लाल. सवड शून्य असलेला प्रकल्प पहिल्या दिवसापासून पिवळाच दाखवायचा, असे मॅनेजरशी आधीच ठरवून घ्यावे. तसे केले की एखादा दिवस घसरल्यावर रंग बदलण्याचा संकोच टीम लीडला वाटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे परतीची तारीख. १७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पहिला टप्पा चाचणीला देण्याजोगा नसेल, तर दुसरा पर्याय संपला. १८च्या सकाळी मॅनेजरने बँकेला एप्रिलची तारीख कळवायची. ही अट टिपणाच्या शेवटी त्याच मंगळवारी लिहून ठेवायची असते. पुढे आणखी दोन दिवस ओढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दिलेल्या शब्दाचा दबाव मॅनेजरवरही असतो. आधी लिहिलेली अट असली की त्या संध्याकाळी वाद घालावा लागत नाही, फक्त नोंदी मोजाव्या लागतात. आणि बँकेच्या हाताशी १६ मार्चपूर्वी अजून जवळपास चार आठवडे उरतात. वर्षअखेरीला हातजुळवणीची माणसे नेमायला तेवढा वेळ तिला पुरतो.